आधुनिकीकरण की परावलंबन? आर्जेंटिना समोर ठेवून सेमिनारमधले नेहमीचे प्रश्न

दरवर्षी तौलनिक राजकारणाच्या सेमिनारमध्ये हा विषय आला की तेच तेच प्रश्न येतात, आणि मी दरवर्षी फळ्यावर तोच बाण-बाणांचा गोल काढतो. यावेळी म्हटलं एकदाच लिहून ठेवू. मुद्दाम एकाच देशावर बराच वेळ थांबलोय, कारण दहा देशांची नावं घेतली की सगळंच पटतं आणि काहीच कळत नाही.

दोन्ही थिअरी आधी थोडक्यात सांगा ना?

आधुनिकीकरणवाल्यांचं म्हणणं असं की शहरं वाढली, शाळा वाढल्या, कारखाने आले, हातात चार पैसे आले की समाज बदलतो, मध्यमवर्ग तयार होतो, भांडणं जरा मवाळ होतात आणि अशा समाजात लोकशाही टिकते. मागे पडलेले देश म्हणजे त्याच रस्त्यावरून उशिरा निघालेले देश. परावलंबनवाले म्हणतात की रस्ताच एक नाहीये, जे आधी पुढे गेले त्यांनी जगाचा व्यापार असा मांडलाय की उशिरा आलेल्याला त्यात ठराविकच जागा मिळते, कच्चा माल विकायची आणि यंत्रं विकत घ्यायची, आणि देशातलं राजकारणसुद्धा त्या जागेवरून घडतं. एवढं पुरे, बाकी उदाहरणातच कळेल.

सगळे लॅटिन अमेरिकेचंच उदाहरण का देतात? त्यातही आर्जेंटिना?

कारण तिथे दोन्ही थिअरींची परीक्षा एकाच वर्गात होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्जेंटिना माणशी उत्पन्नात जगातल्या वरच्या देशांत होता, इटली-स्पेनमधून लोक पोट भरायला तिकडे जात होते. साक्षरता चांगली, ब्युनोस आयर्ससारखं शहर, वर्तमानपत्रं, कामगार संघटना, म्हणजे आधुनिकीकरणाच्या यादीतलं सगळं हजर. आणि तरी 1930, 1943, 1955, 1962, 1966, 1976 अशी लष्करी बंडांची रांगच लागली. याच देशातून राऊल प्रेबिश निघाला ज्याच्या लिखाणातून परावलंबनाची चर्चा सुरू झाली, आणि गिलेर्मो ओडोनेलही याच देशातला, ज्याने विचारलं की इतका आधुनिक देश पुन्हा पुन्हा हुकूमशाहीत का जातो.

आधुनिकीकरणवाला समाजशास्त्रज्ञ लिप्सेट म्हणाला होता की देश श्रीमंत झाला की लोकशाही येते. मग आर्जेंटिनाने त्याला खोटं पाडलं ना?

एवढं सोपं नाही, आणि इथे बहुतेक जण त्याच्या तोंडी भलतंच वाक्य घालतात. 1959 च्या लेखात त्याने जास्त जपून लिहिलंय, की देश जितका सुस्थितीत तितकी लोकशाही टिकण्याची शक्यता जास्त. टिकण्याची. आणि शक्यता. त्याने उत्पन्न, डॉक्टरामागे किती माणसं, टेलिफोन, रेडिओ, वर्तमानपत्रं, शहरी लोकसंख्या अशा आकड्यांच्या सरासऱ्या काढून देशांचे गट तुलनेला ठेवले.

आता तो तक्ता नीट बघा, कारण खरी गंमत तिथे आहे. युरोप आणि इंग्रजी बोलणाऱ्या देशांसाठी वरचा गट आहे ‘स्थिर लोकशाह्या’. लॅटिन अमेरिकेसाठी मात्र वरचा गट आहे ‘लोकशाह्या आणि अस्थिर हुकूमशाह्या’, आणि खालचा ‘स्थिर हुकूमशाह्या’. म्हणजे पट्टीच बदलली. आर्जेंटिना या वरच्या गटात आहे. लिप्सेटने हे लपवलेलं नाही, पण नंतर पाठ्यपुस्तकांतून फक्त निष्कर्ष फिरत राहिला आणि पट्टी बदलल्याची गोष्ट गळून पडली. लेख हातात घेतलात तर पहिल्यांदा तक्त्यांचे मथळे वाचा.

प्रेबिशचं नेमकं म्हणणं काय होतं?

प्रेबिश काही क्रांतिकारक वगैरे नव्हता, आर्जेंटिनाच्या मध्यवर्ती बँकेचा पहिला जनरल मॅनेजर होता, 1935 पासून. 1930 च्या मंदीत गहू आणि मांसाचे भाव कोसळलेले त्याने जवळून पाहिलेले. पुढे सँटियागोमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिका आर्थिक आयोगासाठी 1949 मध्ये त्याने जो अहवाल लिहिला त्यात जग दोन भागांत मांडलं, केंद्र आणि परिघ. केंद्र पक्का माल बनवतं, परिघ कच्चा माल पाठवतो. त्याचा मुद्दा असा की केंद्रात उत्पादकता वाढली की तिथले संघटित कामगार आणि कंपन्या तो फायदा पगार-नफ्याच्या रूपात स्वतःकडे ठेवतात, भाव फारसे उतरू देत नाहीत. परिघात तसं होत नाही, तिथे फायदा भाव पडून गिऱ्हाईकाकडे जातो. त्यामुळे लांबच्या पल्ल्यात तेवढंच यंत्र घ्यायला जास्त जास्त गहू द्यावा लागतो.

हे वाचताना मराठी माणसाला दादाभाई आणि न्यायमूर्ती रानडे आठवायला हरकत नाही. रानड्यांनी 1890 च्या सुमारास पुण्यात हेच दुखणं मांडलं होतं, की हिंदुस्थान म्हणजे कच्चा माल पिकवणारा मळा होऊन बसलाय आणि तोच माल कापड होऊन परत आपल्याला विकला जातो. पण पेपरमध्ये ‘रानडे हे पहिले परावलंबनवादी’ असलं काही लिहू नका, त्यांच्यासमोर परकी सरकार होतं, आणि प्रेबिशचा देश 1816 पासून स्वतंत्र होता. उलट हाच तर प्रेबिशचा प्रश्न आहे की झेंडा स्वतःचा असूनही व्यापारातली जागा बदलत का नाही.

मग कारखाने काढले की परावलंबन संपायला हवं. आर्जेंटिनाने काढले ना?

काढले की. आयात पर्यायीकरण म्हणजे बाहेरून आणायच्या वस्तू घरीच बनवायच्या. कापड, डबाबंद खाणं, फ्रिज, पुढे कोर्दोबा शहरात मोटारी. अध्यक्ष पेरॉनच्या काळात, म्हणजे 1946 ते 1955, याला जोर आला आणि शहरी कामगारांचे पगारही वाढले. पहिला टप्पा तसा सोपाच असतो कारण गिऱ्हाईक तयार असतं, फक्त आयात थांबवायची.

अडचण पुढे येते आणि माझा फळ्यावरचा गोल इथे सुरू होतो. फ्रिज घरी बनतोय, पण फ्रिज बनवायचं यंत्र, त्यातले भाग, पोलाद, रसायनं बाहेरूनच येतात. म्हणजे कारखाने जोरात चालले की आयात वाढते. आयातीला डॉलर लागतात. डॉलर आणतो कोण? अजूनही पांपाच्या मैदानातला गहू आणि गोमांस, कारण फ्रिज काही कोणी बाहेरचं घेत नव्हतं, महाग पडायचे. आणि आता मुख्य गोष्ट, जी आर्जेंटिनाची खासियत आहे: गहू आणि मांस हेच तिथल्या कामगाराचं रोजचं जेवणसुद्धा आहे. ब्राझील कॉफी विकतो, कॉफी महागली म्हणून साओ पावलोचा कामगार उपाशी राहत नाही. आर्जेंटिना जे विकतो तेच खातो.

तर गोल असा फिरतो. कारखाने वाढले, पगार वाढले, लोकांनी जास्त मांस खाल्लं म्हणून निर्यातीला कमी उरलं, इकडे आयात वाढली, डॉलर संपले. सरकारने आपल्या चलनाचं, पेसोचं, अवमूल्यन केलं. अवमूल्यनाने निर्यातदार जमीनदार खूश, कारण त्याला डॉलरमागे जास्त पेसो मिळतात, पण मग तो तोच भाव देशातही मागणार, म्हणून मांस-पाव महागला, कामगाराचा खरा पगार घटला, बाजारात मागणी पडली, कारखाने मंदावले, आयात घटली, डॉलर पुन्हा जमले. मग संप, पगारवाढ, आणि गोल पहिल्यापासून. आर्जेंटिनाचे अर्थतज्ज्ञ याला थांबा-चला म्हणायचे. दर काही वर्षांनी एकदा.

हे सगळं अर्थशास्त्र झालं. यातून लष्करी बंड कसं निघतं?

प्रत्येक फेरीत कोणाच्या तरी ताटातलं काढून दुसऱ्याला द्यावं लागतं, आणि इथे दोन्ही बाजू ताकदवान आहेत. जमीनदारांकडे डॉलर, कामगारांकडे संघटना. कुठलंही निवडून आलेलं सरकार मधे सापडतं. त्यात पेरॉनच्या पाडावानंतर पेरॉनवाद्यांना निवडणुकीपासून बरंच लांब ठेवलेलं, म्हणजे सर्वात मोठा पक्ष बाहेर आणि सरकार अर्धवट पाठिंब्यावर. आर्तुरो इलिया 1963 मध्ये अध्यक्ष झाला तो साधारण 25 टक्के मतांवर. आधीचा एक अध्यक्ष फ्रॉन्डिसी, त्याने 1958 नंतर परदेशी तेल कंपन्यांशी जे करार केले होते ते इलियाने रद्द केले. गंमत म्हणजे 1964 आणि 1965 मध्ये वाढ उत्तम होती. तरी 28 जून 1966 ला पहाटे त्याला अध्यक्षीय कचेरीतून बाहेर काढलं आणि जनरल ओंगानिया आला.

ओडोनेलने 1973 मध्ये यावरच बोट ठेवलं. त्याचं म्हणणं, हे जुन्या पद्धतीचं एखाद्या मिशीवाल्या जनरलचं बंड नव्हतं, हे आख्खं लष्कर एक संस्था म्हणून आलं, सोबत अर्थतज्ज्ञ, इंजिनिअर, कंपन्यांचे मॅनेजर असे तंत्रज्ञ घेऊन, आणि ‘थोड्या दिवसांत निवडणूक घेतो’ असंही म्हणालं नाही. सोपा टप्पा संपला, आता पोलाद-रसायनांच्या अवघड टप्प्यासाठी परदेशी भांडवल हवं, त्या भांडवलाला पगार आटोक्यात आणि संप बंद हवेत, आणि हे मतपेटीतून होत नाही. अशा राजवटीला त्याने नोकरशाही-अधिकारशाही म्हटलं. म्हणजे लिप्सेटच्या बरोबर उलट, इथे आधुनिकीकरणच एका टप्प्यावर हुकूमशाहीला दारातून आत घेतं. तंत्रज्ञ, मॅनेजर, शिकलेला मध्यमवर्ग हे सगळे आधुनिक लोक, आणि तेच बंडाच्या बाजूला.

मग 1966 नंतर प्लॅन चालला का?

दोनेक वर्षं चालल्यासारखा वाटला. अर्थमंत्री क्रीगर वासेनाने मार्च 1967 मध्ये डॉलरचा भाव 250 पेसोवरून 350 वर नेला, पगार गोठवले, आणि हुशारी अशी केली की निर्यातीवर कर बसवला, म्हणजे अवमूल्यनाचा मलिदा जमीनदाराऐवजी सरकारी तिजोरीत यावा आणि देशात मांस फार महागू नये. महागाई खरंच उतरली. पण त्या एका चालीने जमीनदारही नाराज आणि कामगारही नाराज.

आणि मग कोर्दोबा. तिथे कामगारांना ‘इंग्लिश शनिवार’ नावाची जुनी सवलत होती, शनिवारी अर्धा दिवस काम आणि पगार पूर्ण दिवसाचा, म्हणजे 44 तास काम, 48 तासांचा पैसा. मे 1969 मध्ये सरकारने ती काढून घेतली. 29 मेला मोटार कारखान्यांतले कामगार, वीज कामगार आणि विद्यार्थी शहरात उतरले, पोलिसांना मागे हटावं लागलं, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. याला कोर्दोबासो म्हणतात. लक्षात घ्या, हे शेतातले दरिद्री लोक नव्हते, देशातल्या सर्वात आधुनिक कारखान्यांतले, बऱ्यापैकी पगार घेणारे कामगार होते. थोड्याच दिवसांत क्रीगर वासेना गेला आणि वर्षभरात, जून 1970 मध्ये, ओंगानियाला त्याच्याच सेनापतींनी काढलं.

म्हणजे ओडोनेल जिंकला, लिप्सेट हरला?

नाही हो, थांबा. ओडोनेलची थिअरीही फार काळ जशीच्या तशी उभी राहिली नाही. 1979 मध्ये डेव्हिड कोलियरने संपादित केलेल्या लेखसंग्रहात तिची चांगलीच झाडाझडती झाली. ब्राझीलमध्ये 1964 चं बंड झालं तेव्हा लष्कर अवघड उद्योग उभारायलाच आलं होतं असं पुराव्यातून नीट दिसत नाही. आर्जेंटिनात 1976 ला जी राजवट आली तिने तर आयात मोकळी करून कारखाने बुडवले, म्हणजे कारणच उलटं झालं. आणि व्हेनेझुएला, कोलंबिया? तेल आणि कॉफीवर तितकेच अवलंबून, पण त्या वर्षांत तिथे निवडून आलेली सरकारं चालू राहिली, कारण तिथल्या पक्षांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी सत्तावाटपाचे करार करून ठेवले होते. परावलंबन सगळीकडे सारखं आणि निकाल वेगवेगळे, तर फरक दुसऱ्या कशाने तरी पडतोय, पक्षांनी, करारांनी, लष्कराच्या सवयींनी.

माझं मत विचाराल तर ताटातल्या मांसाचा गोल अजून खणखणीत आहे, भांडण कशावरून आणि का मिटत नाही हे तो दाखवतो. भांडणाचा शेवट रणगाड्याने होणार हे मात्र त्या गोलात लिहिलेलं नाही.

लोकशाही टिकण्याच्या चर्चेत येतो तो 6,055 डॉलरचा आकडा काय आहे?

ऍडम शेव्होर्स्की आणि फर्नांदो लिमोंगी या राज्यशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये प्रश्नाचे दोन तुकडे केले, जे खरं तर आधीच करायला हवे होते. एक, देश श्रीमंत झाल्यामुळे हुकूमशाही पडते का? दोन, लोकशाही काहीही कारणाने आली असेना, श्रीमंती तिला टिकवते का? 1950 ते 1990 चे आकडे लावून त्यांचं उत्तर, पहिल्याला नाही, दुसऱ्याला जोरदार हो. माणशी 1,000 डॉलरच्या खालच्या देशात लोकशाहीचं अपेक्षित आयुष्य साधारण 8 वर्षं, आणि एका रेषेच्या वर एकही लोकशाही पडलेली नाही. ती रेषा म्हणजे 6,055 डॉलर, 1985 च्या क्रयशक्तीच्या भावाने. आणि हा आकडा कुठल्या देशाचा? 1975 च्या आर्जेंटिनाचा, जिथे मार्च 1976 मध्ये बंड झालं. आपला देश थेट रेषेवरच बसलाय.

यावर उत्तर आलं ते कार्लेस बोइश आणि सुझन स्टोक्स यांचं, 2003 मध्ये. 1950 पासून मोजायला सुरुवात केली तर पश्चिम युरोपातले बरेच देश आधीच लोकशाही झालेले असतात, म्हणजे ज्यांच्यात श्रीमंतीने हुकूमशाही पाडली असण्याची शक्यता जास्त तेच यादीबाहेर. त्यांनी मागे जाऊन मोजलं तर पहिल्या प्रश्नालाही ‘हो’ येतं. हा वाद ज्याला कळला त्याला अर्धा सेमिनार कळला.

दक्षिण कोरियाने परावलंबन सिद्धांत संपवला, असं म्हणतात ते खरं का?

आंद्रे गुंडर फ्रँकच्या कडक आवृत्तीला मोठा दणका दिला, हे खरं. तो 1960 च्या दशकात म्हणायचा की केंद्राशी दोर तोडल्याशिवाय परिघाचा विकासच होणार नाही. कोरिया 35 वर्षं जपानची वसाहत, नंतर अमेरिकी सैन्य आणि मदत, आणि तरी जहाजं, पोलाद, मोटारी. पण परावलंबनवाल्यांतलेच कार्डोसो आणि फालेतो 1969 मध्येच म्हणाले होते की परावलंबनातही उद्योगवाढ होऊ शकते, फक्त तिचा आकार देशातल्या वर्गांच्या युतीवर ठरतो. ती आवृत्ती कोरियाने मरत नाही.

आर्जेंटिनाशी तुलना करा म्हणजे जास्त मजा येईल. कोरियात 1950 च्या आसपास जमीनसुधारणा झाली, त्यामुळे डॉलर हातात धरून बसलेला जमीनदारच उरला नाही. जनरल पार्क चुंग-ही 1961 ला बंड करून आला आणि बँका सरकारच्या ताब्यात घेतल्या, कर्ज पाहिजे तर निर्यात करून दाखवा. कारखानाच डॉलर आणू लागला, म्हणजे माझ्या गोलाचा नेमका अडकलेला सांधा सुटला. कामगार दडपलेले होतेच. मग जून 1987 मध्ये विद्यार्थी आणि पगारदार मध्यमवर्ग रस्त्यावर आला आणि थेट निवडणूक मिळाली. लिप्सेटवाले इथे टाळ्या वाजवतात. शेव्होर्स्की मात्र विचारेल, श्रीमंतीनेच पाडली कशावरून, 26 वर्षं चाललेली राजवट कधी ना कधी पडलीच असती, आणि पडली तेव्हा देश श्रीमंत होता म्हणून श्रेय श्रीमंतीला.

भारत कुठे बसतो?

आधुनिकीकरणवाल्यांच्या यादीत बसत नाही, म्हणून तळटीपेत बसतो. 1950 च्या उत्पन्नावर वरचं 8 वर्षांचं गणित लावलं तर आपली लोकशाही कधीच संपायला हवी होती, आणीबाणीचे 21 महिने सोडले तर ती चालू आहे. पण यातून थिअरी खोटी ठरत नाही, ती शक्यतेची थिअरी आहे. भारतावर पेपर लिहायचा मोह सगळ्यांना होतो, लिहा, पण तुलनेला दुसरा देश घ्या.

पेपरमध्ये सगळ्यात जास्त मार्क कुठे जातात?

‘दोन्ही सिद्धांतांत थोडं थोडं तथ्य आहे’ या शेवटच्या परिच्छेदात. त्याऐवजी एक वर्ष घ्या आणि विचारा की त्या वर्षी डॉलर कोण आणत होतं, अवमूल्यनाचा भार कोणाच्या ताटावर पडला, आणि त्या माणसाकडे मत होतं का, संघटना होती का. आर्जेंटिनाचं 1966 करणारे खूप आहेत. कोणी 1962 करून बघितलेलं मला अजून सापडलेलं नाही. त्या मार्चमध्ये फ्रॉन्डिसीने पेरॉनवाद्यांना प्रांतांच्या निवडणुकीत उतरू दिलं, ते ब्युनोस आयर्स प्रांतात जिंकले, आणि दोन आठवड्यांच्या आत लष्कराने फ्रॉन्डिसीलाच उचलला. परदेशी भांडवल तेव्हा येतच होतं. हे परावलंबनाने कसं समजवाल ते मला वाचायचंय.